प्रकल्प नोंदी: कोथरूडचा फ्लॅट, फरशीचे फेरमोजमाप आणि वाढलेले दरपत्रक

६ जानेवारी २०२५

कोथरूडमधील तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची जुनी मोझेक लादी काढून तेथे दोन बाय चार फुटांची, म्हणजे ६०० बाय १२०० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचे काम आज चौकशीला आले. फ्लॅटमध्ये महिनाअखेरपर्यंत भाडेकरू राहणार असल्याने आत जाऊन टेप लावणे शक्य नव्हते. घरमालक काकांनी इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत पाठवली आणि अंदाजापुरते दरपत्रक मागितले. नकाशावरून हॉल १६ बाय ११ फूट, पहिली बेडरूम १२ बाय १०, दुसरी ११ बाय १०, स्वयंपाकघर १० बाय ८ आणि पॅसेज १० बाय साडेतीन फूट असे धरून एकूण क्षेत्र ५२१ चौरस फूट आले. संडास आणि बाथरूम या कामात नाहीत.

त्यावर वाया जाणारे तुकडे आणि फुटणाऱ्या टाइल यांसाठी दहा टक्के जादा धरून टाइलचे ३७ बॉक्स लिहिले. एका बॉक्समध्ये दोन टाइल असतात आणि त्या साडेपंधरा चौरस फूट भरतात. टाइलचा दर ७५ रुपये चौरस फूट, ४० मिलिमीटर जाडीपर्यंतच्या सिमेंट-वाळूच्या मालासह बसवणुकीचा दर ७० रुपये, जुनी लादी काढून राडारोडा खाली नेण्याचा दर २२ रुपये आणि स्कर्टिंगची मजुरी १९० फुटांना ३० रुपये फुटाप्रमाणे धरली. सर्व मिळून ९६,६०० रुपयांचे दरपत्रक दिले. ‘प्रत्यक्ष मोजमापानंतर बदल होऊ शकतो’ हे वाक्य शेवटी लिहिले, पण ते बारीक अक्षरात आणि सहीच्या खाली गेले. हे मला तेव्हाच ठळक लिहायला हवे होते.

२ फेब्रुवारी २०२५

भाडेकरूंनी जागा सोडली. आज मिस्त्री आणि मी असे दोघे सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत फ्लॅटमध्ये होतो. आत पाऊल टाकताच पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, नकाशावर हॉलच्या टोकाला भिंत आणि तिच्यापलीकडे वेगळी बाल्कनी दाखवलेली असली, तरी प्रत्यक्षात ती भिंत फार पूर्वीच काढून बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली आहे. बाल्कनीची फरशी हॉलपेक्षा एक पायरी खाली आहे. काकांनी हा फ्लॅट असाच विकत घेतला होता, त्यामुळे त्यांच्या मनात हॉल म्हणजे खिडकीपर्यंतची सगळी जागा अशीच आहे आणि त्यांना नकाशातील भिंत आठवण्याचे काहीच कारण नव्हते. बाल्कनी आत घेण्याच्या परवानगीचा प्रश्न माझ्या कामाच्या कक्षेतला नाही, परंतु तिथली फरशी करायची तर ती मोजावी लागणार होती.

प्रत्येक खोली दोन टोकांना आणि मध्यभागी अशी तीनदा मोजली. खोल्या बहुतेक ठिकाणी नकाशापेक्षा अर्धा ते दीड इंच लहान भरल्या, कारण नकाशातील मापे विटांच्या भिंतीपासून विटांच्या भिंतीपर्यंतची असतात आणि दोन्ही बाजूंच्या गिलाव्याची जाडी त्यातून जाते. केवळ खोल्यांचा विचार केला तर क्षेत्र ५२१ वरून ५१४ चौरस फुटांवर आले, म्हणजे कमीच झाले. बाल्कनी आणि तोडलेल्या भिंतीची जागा मिळून ४९, चार दारांच्या चौकटींमधील पट्ट्या ५ आणि दुसऱ्या बेडरूममधील भिंतीतल्या कपाटाची खोबण सुमारे १० चौरस फूट अशी भर पडून एकूण क्षेत्र ५७८ चौरस फूट झाले.

हॉलला गुण्या लावला तेव्हा कोपरा काटकोनात नसल्याचे दिसले. खात्रीसाठी एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट अशी खूण केली आणि तिरके माप घेतले. ते बरोबर पाच फूट यायला हवे होते, ते तसे आले नाही. दाराकडे हॉलची रुंदी ३,३२० मिलिमीटर आहे आणि खिडकीकडे ती ३,३७५ होते. पंचावन्न मिलिमीटर म्हणजे दोन इंचांहून थोडे जास्त. रिकाम्या खोलीत हे डोळ्याला जाणवत नाही, पण चार फुटी टाइलची सरळ रेषा भिंतीशेजारून गेली की ते लगेच दिसते.

त्यानंतर लेव्हल पाइप लावला. मुख्य दाराच्या उंबऱ्याशी तयार फरशीची पातळी धरून, तिच्यापासून एक मीटर उंचीवर सर्व खोल्यांमध्ये भिंतीवर खुणा केल्या. काकांची फोनवर परवानगी घेऊन सहा ठिकाणी जुनी लादी उचलली आणि खालच्या स्लॅबपर्यंत खोली मोजली. या मापांनीच पुढचा सगळा हिशेब बदलला.

३ फेब्रुवारी २०२५

आज दिवसभर घरी बसून प्रत्येक खोलीत टाइल कशी बसेल याची आखणी मोजपट्टीने कागदावर काढली. क्षेत्राला दहा टक्के जोडून बॉक्स काढण्याची सवय लहान टाइलसाठी चालून जाते, कारण तिथे एका टाइलचा उरलेला तुकडा दुसरीकडे वापरता येतो. चार फूट लांबीच्या टाइलचे तसे होत नाही, हे पहिल्या बेडरूमच्या आखणीत स्पष्ट दिसले आणि ते पत्रात काकांना दाखवावे असे ठरवले.

पत्र लिहिण्यापूर्वी मी स्वतःला एक प्रश्न विचारला की, या वाढीत माझी चूक किती आहे. बाल्कनी नकाशात हॉलबाहेर होती आणि स्लॅबची पातळी लादी उचलल्याशिवाय कळत नव्हती, त्यामुळे या दोन गोष्टी मला आधी माहीत असणे शक्य नव्हते. मात्र स्कर्टिंगसाठी लागणाऱ्या टाइल मी पहिल्या दरपत्रकात धरल्याच नव्हत्या. उरलेल्या तुकड्यांतून त्या निघतील असे मी गृहीत धरले होते आणि ते चुकीचे होते. तेवढा खर्च माझ्या बाजूला ठेवायचा असे ठरवून पत्र लिहिले.

४ फेब्रुवारी २०२५

पाठवलेल्या पत्राची प्रत पुढीलप्रमाणे येथे ठेवत आहे.

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या फ्लॅटच्या फरशीसाठी मी ६ जानेवारीला ९६,६०० रुपयांचे दरपत्रक दिले होते. रविवारी प्रत्यक्ष मोजमाप केल्यानंतर ही रक्कम १,१५,१०० रुपये होत आहे, म्हणजे १८,५०० रुपयांनी वाढत आहे. टाइलचा दर, बसवणुकीचा दर किंवा लादी काढण्याचा दर यांपैकी एकही मी वाढवलेला नाही. वाढ कशामुळे झाली हे आपल्याला आकड्यांसह समजावे, आणि त्यातला कोणता भाग आपण टाळू शकता हेही समजावे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. यातले काहीही मान्य नसल्यास आपण काम थांबवू शकता. आतापर्यंत उचललेल्या सहा लाद्यांचे आणि मोजमापाचे मी काहीही आकारणार नाही.

पहिली बाब क्षेत्राची आहे. मंजूर नकाशात हॉल १६ फूट लांब आहे आणि त्यापुढे भिंत आहे. आपल्या घरात ती भिंत नाही आणि बाल्कनी हॉलचा भाग झालेली आहे, हे मला जागेवर आल्यावर कळले. ती जागा ४९ चौरस फूट आहे. खोल्या नकाशापेक्षा एकंदर ७ चौरस फुटांनी कमी भरल्या, तो फरक मी आपल्या बाजूने वजा केला आहे. दारांच्या पट्ट्या आणि कपाटाची खोबण मिळून १५ चौरस फूट वाढतात. त्यामुळे ५२१ ऐवजी ५७८ चौरस फूट हे खरे क्षेत्र आहे. बसवणूक आणि लादी काढणे या दोन्हींचा खर्च या क्षेत्राच्या प्रमाणातच वाढतो. बसवणुकीचे ३,९९० आणि लादी काढण्याचे १,२५४ रुपये हे त्यातून आलेले आहेत. स्कर्टिंगची लांबी १९० वरून २०४ फूट झाल्याने मजुरीत ४२० रुपये वाढले.

दुसरी बाब टाइलच्या संख्येची आहे, आणि ती थोडी सावकाश समजून घ्यावी अशी माझी विनंती आहे. पहिली बेडरूम ३,६६० मिलिमीटर लांब आणि ३,०२० रुंद आहे. रुंदीत ६०० मिलिमीटरच्या पाच ओळी जवळजवळ अचूक बसतात. लांबीत मात्र १२०० मिलिमीटरच्या तीन टाइल, त्यांच्यातील दोन-दोन मिलिमीटरचे सांधे धरून, ३,६०६ मिलिमीटर होतात आणि ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांची पट्टी उरते. खोलीचे क्षेत्र पाहिले तर ते सव्वापंधरा टाइलांच्या आसपास आहे. आता या उरलेल्या पट्टीचे काय करायचे यावर किती टाइल लागतील हे ठरते. पट्टी एका भिंतीकडे ठेवली तर तिच्यासाठी एकाच टाइलमधून पाचही तुकडे निघतात आणि एकूण १६ टाइल लागतात. देखणेपणासाठी दोन्ही भिंतींकडे सारखे तुकडे ठेवले, तर प्रत्येक तुकडा सुमारे ६२५ मिलिमीटरचा होतो आणि १२०० मिलिमीटरच्या टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत. मग प्रत्येक ओळीला चार याप्रमाणे २० टाइल लागतात. खोली तीच आणि क्षेत्रही तेच, पण चार टाइल, म्हणजे दोन बॉक्स आणि २,३२५ रुपये इतका फरक पडतो.

मी हिशेबात १६ टाइलांची आखणी धरली आहे, कारण ज्या भिंतीला ती दोन इंची पट्टी येईल त्या भिंतीला आपले मोठे कपाट उभे राहणार आहे असे आपण सांगितले होते, आणि त्याखाली पट्टी दिसणार नाही. कपाट दुसरीकडे हलवण्याचा विचार असेल तर आत्ताच सांगावे, कारण बसवल्यानंतर हे बदलता येत नाही.

हॉलमध्ये रुंदी कमी-जास्त असल्याने पाच पूर्ण ओळी आणि सहावी ओळ कापलेली अशी रचना होते. कापलेल्या ओळीची पट्टी दाराकडे ३१० आणि खिडकीकडे ३६५ मिलिमीटर रुंद राहील. ही निमुळती पट्टी सोफ्याच्या भिंतीला ठेवली आहे. प्रत्येक टाइलमधून पट्टी कापल्यावर साधारण २३५ ते २९० मिलिमीटरचा तुकडा उरतो. तो दुसरी पट्टी म्हणून पुरत नाही, पण त्यातून स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या आणि दारांमधील तुकडे निघतात. खिडकीकडील टोकाला १९० मिलिमीटरचा तुकडा येतो, तोही एकाच टाइलमधून निघतो. बाल्कनीसह हॉलला अशा ३१ टाइल लागतात. स्वयंपाकघरात टाइलची दिशा फिरवली तर १२ ऐवजी १० टाइल पुरतात. तिथे दाराशी उंबरा असल्याने दिशा बदललेली खटकणार नाही, म्हणून मी फिरवलेली रचना धरली आहे. पॅसेजला ६ आणि दुसऱ्या बेडरूमला खोबणीसह १७ टाइल लागतील. अशा ८० टाइल खोल्यांना आणि ५ टाइल स्कर्टिंगला, त्यावर वाहतुकीतील व कापताना होणाऱ्या फुटीसाठी ५ टाइल, असे मिळून ९० टाइल किंवा ४५ बॉक्स होतात.

स्कर्टिंगच्या पाच टाइल मी पहिल्या दरपत्रकात धरायला हव्या होत्या. ती माझी चूक आहे आणि त्यांचे २,९०६ रुपये मी बिलात लावणार नाही. ते वजा जाता टाइलच्या खर्चात ६,३९४ रुपयांची वाढ राहते.

फुटीसाठीच्या पाच टाइल पुढे लागतील तेव्हा आणू असे आपल्याला वाटेल, पण तसे करू नये असे मी सांगेन. प्रत्येक बॉक्सवर बॅचचा आणि छटेचा क्रमांक असतो. त्याच नावाची टाइल महिन्याभराने आणली तर ती वेगळ्या बॅचची येते आणि शेजारी ठेवल्यावर रंगातील फरक उघड दिसतो, कधी तर आकारातही अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. म्हणून सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि एकाच वेळी घ्यावेत. न उघडलेले बॉक्स दुकानदार परत घेतो, त्याचे पैसे आपल्यालाच मिळतील.

तिसरी बाब फरशीखालच्या मालाची आहे. माझ्या दरात ४० मिलिमीटरपर्यंत जाडीचा माल धरलेला आहे. हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघरात तो ४५ मिलिमीटर लागेल, पण पाच मिलिमीटरसाठी मी वेगळे पैसे घेत नाही. पहिल्या बेडरूममध्ये सरासरी ५० मिलिमीटर लागेल. दुसऱ्या बेडरूममध्ये चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी दोरीखाली मोजले, तिथे ५५, ६०, ६५, ६५ आणि मध्यभागी ८० मिलिमीटर अशी मापे आली. म्हणजे सरासरी ६५, आणि खोलीच्या मध्यभागी स्लॅब खाली गेलेला आहे. जुन्या दहा इंची लाद्या या खोलगटपणाबरोबर हळूहळू वळत गेल्या, म्हणून आजवर तो कुणाच्या लक्षात आला नाही. चार फुटी टाइल वळत नाही. तिच्याखाली सपाट पाया नसेल तर एक टोक वर राहते, शेजारच्या टाइलशी कड जुळत नाही आणि पाय ठेवल्यावर पोकळ आवाज येतो. अशी टाइल पुढे जड वस्तू पडली की फुटते. म्हणून हा खड्डा भरून घेणे टाळता येणार नाही. दोन्ही बेडरूममध्ये मिळून ०.३८ घनमीटर जादा माल लागेल. त्यासाठी सिमेंटच्या दोन गोण्या, सुमारे १५ घनफूट वाळू आणि हे सर्व जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेण्याची मजुरी असा ३,२०० रुपयांचा खर्च आहे.

बाल्कनीची जमीन मात्र वेगळी आहे. ती बांधतानाच पावसाचे पाणी घरात येऊ नये म्हणून खाली ठेवलेली होती, त्यामुळे हॉलच्या पातळीला आणायला तिथे सरासरी ११० मिलिमीटर भर लागेल, नेहमीपेक्षा ७० मिलिमीटर जास्त. ही भर वाळू-सिमेंटने केली तर जादा वजन सुमारे ६७० किलो होईल. बाल्कनीचा स्लॅब खालून आधाराशिवाय भिंतीबाहेर आलेला असतो आणि त्याच्यावर कायमचे ओझे वाढवणे योग्य नाही. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरातील बाल्कनीवर माणसे, सामान यांचा भार दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात, आणि वाळू-सिमेंटची ही भर एकटीच त्याच्या निम्मे ओझे कायमचे घालेल. म्हणून मी तिथे हलके एएसी ब्लॉक कापून बसवून त्यावर नेहमीच्या जाडीचा माल सुचवतो. त्याने जादा वजन सुमारे २०० किलोवर येते. खर्च तितकाच, ३,२०० रुपये. तरीही हे करण्यापूर्वी आपण एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बाल्कनी दाखवून घ्यावी, आणि त्यांनी नको म्हटले तर मी ते काम करणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे आहे तशी पायरी ठेवणे. त्याने हे ३,२०० रुपये वाचतात. घरात काकू आहेत आणि रात्री पायरीला ठेच लागण्याचा धोका आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून निर्णय आपल्यावर सोडतो.

थोडक्यात, १८,५०० पैकी सुमारे ११,२०० रुपये एकट्या बाल्कनीमुळे वाढले आहेत. बाल्कनीत टाइल न लावता जुनी फरशी तशीच ठेवायची असेल तर तेवढी रक्कम मी दरपत्रकातून काढून टाकीन.

मालाच्या जाडीचे आकडे सहा ठिकाणच्या तपासणीवरून काढलेले आहेत. सगळी लादी निघाल्यावर मी पुन्हा आपल्यासमोर मोजीन. माल कमी लागला तर पैसे कमी करीन, जास्त लागला तर वाढवणार नाही.

आपला नम्र,
(सही)

७ फेब्रुवारी २०२५

काकांचा फोन आला. त्यांनी पत्र दोनदा वाचले होते आणि एक प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता. “क्षेत्र अकरा टक्के वाढले, तर पैसे एकोणीस टक्के का वाढले?” प्रश्न अगदी योग्य होता आणि पत्रात मी तो सरळ मांडायला हवा होता. त्यांना सांगितले की केवळ क्षेत्राच्या प्रमाणात वाढ धरली तर ती सुमारे १०,६०० रुपये होते. उरलेल्यापैकी ६,४०० रुपये मालाच्या भरीचे आहेत, ज्याचा क्षेत्राशी नव्हे तर भरीच्या जाडीशी संबंध आहे, आणि राहिलेले साधारण १,५०० रुपये टाइल मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आलेले आहेत. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही आधी टाइल मोजल्याच नव्हत्या, टक्का लावला होता.” मी हो म्हटले, कारण ते खरे होते.

त्यांनी कपाट त्याच भिंतीला राहील असे निश्चित सांगितले. बाल्कनीसाठी ते इंजिनिअर बघणार आहेत. पायरी नको, असे काकूंनी मागून सांगितल्याचे ऐकू आले.

१२ फेब्रुवारी २०२५

इंजिनिअरबाई आज जागेवर आल्या होत्या, मीही हजर होतो. त्यांनी बाल्कनीची कड आणि खालच्या मजल्यावरून स्लॅबची बाजू पाहिली, भिंतीशी जिथे बाल्कनी सुरू होते तिथे वरच्या बाजूला दोन लाद्या काढायला लावून तडे आहेत का ते तपासले, कारण अशा स्लॅबचा मुख्य ताण वरच्या बाजूला असतो. तडे नव्हते. हलके ब्लॉक वापरायला त्यांनी लेखी होकार दिला आणि बाल्कनीत जड कुंड्यांची रांग ठेवू नये असेही लिहून दिले. काकांनी सुधारित दरपत्रकावर सही केली. टाइलचे ४५ बॉक्स आजच एकाच बॅचचे बघून बुक केले आणि बॅच क्रमांक या वहीत टिपला.

१९ फेब्रुवारी २०२५

सर्व जुनी लादी निघाली. काका सकाळी आले आणि त्यांच्यासमोर दोरी लावून पुन्हा मोजमाप घेतले. पहिल्या बेडरूममध्ये सरासरी ५२ मिलिमीटर आली, अंदाजापेक्षा दोन मिलिमीटर जास्त. दुसऱ्या बेडरूममध्ये अकरा ठिकाणी मोजल्यावर सरासरी ५८ मिलिमीटर आली. आधीच्या पाच मापांत मध्यभागाचे ८० मिलिमीटर एकटेच सरासरीच्या पाचव्या हिश्शाचे झाले होते, आणि प्रत्यक्षात तो खड्डा लहानच निघाला. पाच मापांवर अवलंबून राहिल्याने माझा अंदाज वर गेला होता. सगळी लादी निघण्याआधी जास्त ठिकाणी तपासणी करायची तर जास्त लाद्या फोडाव्या लागल्या असत्या, पण मोठ्या खोलीत किमान नऊ मापे घ्यावीत हे पुढच्या कामांसाठी येथे लिहून ठेवतो. दुसऱ्या बेडरूमच्या भरीत ६४० रुपयांची घट होते, ती बिलात वजा करायची आहे. पहिल्या बेडरूममधील जास्तीचा माल ठरल्याप्रमाणे माझ्याकडे.

४ मार्च २०२५

बसवणूक पूर्ण झाली आणि सांधे भरून झाले. खोल्यांना ८० आणि स्कर्टिंगला ५ टाइल लागल्या, आखणीतल्या संख्येप्रमाणे. दोन टाइल फुटल्या, एक जिन्यावरून आणताना आणि एक पॅसेजची पट्टी कापताना. तीन टाइल उरल्या. न उघडलेला एक बॉक्स दुकानदाराला परत केला, त्याचे १,१६२ रुपये बिलातून वजा केले आणि सुटी एक टाइल काकांच्या माळ्यावर बॅच क्रमांक लिहून ठेवली. दुसऱ्या बेडरूममध्ये लाकडी ठोकळ्याने सगळ्या टाइल वाजवून पाहिल्या, पोकळ आवाज कुठेही आला नाही. दोन मीटरची पट्टी आडवी-उभी फिरवली, तिच्याखाली एका जागी दीड मिलिमीटरची फट दिसली आणि बाकी कुठे काही नाही. अंतिम बिल १,१३,२९८ रुपयांचे दिले.